दाराला अडकवलेली चिठ्ठी

दुपारी घरी आलात आणि कडीत चिठ्ठी दिसली: ‘दार बंद, स्पीड पोस्ट परत नेले.’ आपण फोटो काढतो, पोस्टाला पाठवतो आणि खाली लिहितो, ‘उद्या संध्याकाळी आणा.’ इथेच गाडी अडते. पोस्टमनची फेरी सकाळी ठरते. ‘उद्या’ कोणता हे संदेश वाचणाऱ्याला कळत नाही, आणि घाईत खरडलेला क्रमांक फोटोत धूसर असतो.

म्हणून क्रमांक टाइप करावाच. तो 13 खुणांचा असतो: दोन अक्षरं, नऊ आकडे, शेवटी IN. नववा आकडा आधीच्या आठांवरून गणिताने काढलेला असतो. नमुन्यादाखल EM123456785IN घ्या. यातला 3 चुकून 8 वाचला, तर शेवटी 5 ऐवजी 7 हवा. म्हणजे वाचनात घोळ आहे. हे गणित आपण करायचं नाही. क्रमांक पोस्टाच्या ट्रॅकिंगमध्ये टाकून तारीख चिठ्ठीशी जुळते का, एवढं बघायचं.

मग संदेश असा:

‘स्पीड पोस्ट EM123456785IN. 12 मार्च, दुपारी 12.40 ला दार बंद होतं. चिठ्ठीचा फोटो सोबत. शुक्रवार, 14 मार्चला 11 ते 2 घरी आहे. तेव्हा जमत नसल्यास पोस्टातच ठेवा, शनिवारी ओळखपत्र घेऊन येते.’

शेवटचं वाक्य सर्वांत कामाचं, कारण पाकीट पोस्टात साधारण 7 दिवसच थांबतं, मग पाठवणाऱ्याकडे परत जातं. फोटो काढला म्हणून चिठ्ठी मात्र फेकू नका. खिडकीवर तीच मागतात.