शिक्षकाचा राजीनामा: तारीख आधी, मजकूर नंतर

नोकरी सोडायचे ठरले की बहुतेक शिक्षक आधी पत्राचा मजकूर शोधू लागतात. खरे तर आधी शाळेचे कॅलेंडर समोर ठेवायला हवे. महाराष्ट्रातल्या खासगी शाळांत, मग त्या अनुदानित असोत वा विनाअनुदानित, राजीनामा केव्हा द्यायचा आणि कसा द्यायचा हे १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी अधिनियम आणि त्याखालची १९८१ ची नियमावली ठरवते. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना वेगळे नियम लागू आहेत. इथे फक्त खासगी शाळांचे पाहू.

नियम ४० म्हणतो, कायम शिक्षकाने तीन कॅलेंडर महिन्यांची आणि कायम नसलेल्याने एका कॅलेंडर महिन्याची पूर्वसूचना द्यावी. इथवर सगळ्यांना ठाऊक असते. त्याच नियमातल्या पुढच्या दोन अटी मात्र नजरेतून सुटतात. सुट्टी मिळणाऱ्या शिक्षकाने सुट्टीच्या काळात सूचना द्यायची नाही आणि सूचनेच्या मुदतीत सुट्टीचा कोणताही भाग येऊ द्यायचा नाही. शिवाय पहिले सत्र सुरू झाल्यापासून महिनाभर सूचना देता येत नाही. सुट्टीचा पगार घेत घेत मुदत संपवता येऊ नये आणि जूनमध्ये वर्ग नुकते लागत असतानाच शिक्षक निघून जाऊ नये, असा यामागचा सरळ हिशोब दिसतो.

आता हे तारखांवर बसवून पाहू. शाळा १५ जूनला उघडली, दिवाळीची सुट्टी ५ नोव्हेंबरला लागली, दुसरे सत्र २३ नोव्हेंबरला सुरू झाले आणि उन्हाळी सुट्टी २ मेपासून आहे असे धरू. १५ जुलैपर्यंत पत्र देता येत नाही. दिवाळीच्या सुट्टीआधी तीन महिने पूर्ण व्हायचे तर ते ४ ऑगस्टच्या आत द्यायला हवे. म्हणजे पहिल्या सत्रात कायम शिक्षकाला जेमतेम तीन आठवडे मिळतात. दिवाळी ऑक्टोबरात आली तर तेही उरत नाहीत. दुसऱ्या सत्रात २३ नोव्हेंबरपासून साधारण जानेवारीअखेरपर्यंत वाव असतो. दिवाळीऐवजी नाताळात मोठी सुट्टी देणाऱ्या शाळांचे गणित अर्थातच वेगळे. मार्चमध्ये राजीनामा देऊन मेअखेर मोकळे होऊ, हा नेहमीचा बेत या नियमात बसत नाही.

मुदतीआधी जायचेच असेल तर संस्था परवानगी देऊ शकते. पण त्या बदल्यात सूचनेचा जितका काळ कमी पडतो तितक्या काळाचा भत्ते वगळून होणारा पगार शिक्षकाने भरायचा असतो.

दुसरी गोष्ट पत्र कुणाच्या नावे लिहायचे याची. आपण रोज मुख्याध्यापकांनाच भेटतो, म्हणून पत्रही त्यांच्याच नावे लिहिले जाते. पण नेमणूक संस्थेची असते आणि अधिनियमाचे कलम ७ राजीनामा व्यवस्थापनाकडे पाठवायला सांगते. म्हणून पत्र संस्थेच्या सचिवांना, ‘मार्फत मुख्याध्यापक’ असे लिहावे. दोन प्रती काढाव्यात, दोन्हींवर सही आणि तारीख घालावी, एक रजिस्टर टपालाने पाठवावी आणि दुसरी आपल्याजवळ ठेवावी. नेमणुकीच्या वेळीच कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवायची आणि पुढे कधीतरी त्याचाच राजीनामा करायचा, अशा प्रकारांना या टपालाच्या अटीने आळा बसतो. १ सप्टेंबर २०२५ पासून टपाल खात्याने रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये सामावून घेतले आहे. त्यामुळे आता खिडकीवर नोंदणीसह स्पीड पोस्ट मागावे आणि पावती जपून ठेवावी. मुख्याध्यापकांना हातोहात दिलेल्या प्रतीवरही आवक क्रमांक आणि शिक्का घ्यावा.

मजकूर थोडकाच असावा:

‘मा. सचिव, (संस्थेचे नाव)
मार्फत: मा. मुख्याध्यापक, (शाळेचे नाव)
विषय: सहशिक्षिका पदाचा राजीनामा
महोदय,
मी आपल्या शाळेत कायम सहशिक्षिका असून गणित शिकवते. वैयक्तिक कारणास्तव मी या पदाचा राजीनामा देत आहे आणि या पत्राने तीन कॅलेंडर महिन्यांची पूर्वसूचना देत आहे. ३१ ऑक्टोबर रोजी शाळा सुटल्यावर मला कार्यमुक्त करावे, ही विनंती. नववी-दहावीचे गणिताचे तास आणि आठवी ‘ब’चे वर्गशिक्षकपद सोपवण्याचे नियोजन सोबत जोडले आहे. प्रथम सत्र परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासून आणि गुण नोंदवूनच मी कार्यभार सोडेन.
आपली विश्वासू,’

खाली सही, नाव आणि १६ जुलै ही तारीख. या पत्रात तक्रारी लिहू नयेत. थकलेली वेतनवाढ किंवा वरिष्ठांशी झालेला वाद यासाठी वेगळा अर्ज करावा. नाहीतर हा राजीनामा स्वेच्छेचा की दबावाखालचा, असा प्रश्न उभा राहतो.

आता सोबतच्या नियोजनाकडे वळू. यात नेहमी एक चूक होते, ती म्हणजे नवा शिक्षक वेळेवर येईल असे गृहीत धरणे. अनुदानित शाळेत भरती पवित्र पोर्टलवरून होते आणि तिला वेळ लागतो. तोवर तास शाळेतल्याच कुणाकडे तरी जातात, नाहीतर तासिका तत्त्वावर माणूस मिळतो. म्हणून नियोजन सहकाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवून करावे. वरच्या पत्रातल्या बाईंचे उदाहरण घेऊ. ऑगस्टमध्ये त्या मुख्याध्यापकांकडून तास कुणाकडे जाणार हे लेखी ठरवून घेतात. सप्टेंबरमध्ये तो सहकारी आठवड्यातून एक तास मागच्या बाकावर बसतो. ऑक्टोबरात दहावीचा ‘वर्तुळ’ हा पाठ तोच शिकवतो आणि बाई मागे बसतात. मुलांना नवी पद्धत परीक्षेच्या तोंडावर अचानक नव्हे, तर आधीपासून सवयीची होते.

जाताना दिलेल्या कागदात ‘अभ्यासक्रम निम्मा झाला’ असे मोघम लिहून भागत नाही. दहावीच्या गणित भाग १ मध्ये रेषीय समीकरणे, वर्गसमीकरणे आणि अंकगणिती श्रेढी झाली. अर्थनियोजन, संभाव्यता आणि सांख्यिकी राहिली. भाग २ मध्ये समरूपता, पायथागोरस आणि वर्तुळ झाले. भौमितिक रचनेपासून पुढे राहिले. वीस गुणांच्या अंतर्गत मूल्यमापनाच्या नोंदी कुठवर आल्या आहेत, कोणाच्या वह्या यायच्या राहिल्यात, हे नावांसह लिहावे. आठवी ‘ब’मधल्या कोणत्या मुलांना ऋण संख्यांची वजाबाकी अजून जड जाते, हे गुणपत्रक पुरते सांगत नाही. त्यासाठी एक पान वेगळे द्यावे.

मग उरतो कागदोपत्री चार्ज: हजेरीचा कॅटलॉग, मूल्यमापन नोंदवह्या, घटक नियोजन आणि टाचणवही, पोर्टलची लॉगिन, ग्रंथालयाची पुस्तके, सहलीच्या पैशांचा हिशोब. यादीवर देणारा, घेणारा आणि मुख्याध्यापक अशा तिघांच्या सह्या हव्यात. पुढे एखादी नोंदवही सापडली नाही तर बोट सोडून गेलेल्याकडेच दाखवले जाते.

पेन्शनपात्र शिक्षकाने सही करण्याआधी आणखी एक गोष्ट तपासावी. राजीनाम्याने निवृत्तिवेतनासाठीची मागची सेवा साधारणपणे वाया जाते. अर्हताकारी सेवा वीस वर्षे भरली असेल तर स्वेच्छानिवृत्तीची वाट असते आणि तिलाही तीन महिन्यांचीच सूचना लागते. दुसऱ्या अनुदानित शाळेत जायचे असेल तर आधी संस्थेची परवानगी घेऊन त्याच मार्गाने अर्ज करावा आणि राजीनाम्यात तो उल्लेख करावा. निघताना कार्यमुक्तीचा आदेश, ना-देय दाखला आणि सेवापुस्तकातील शेवटच्या नोंदीची प्रत हाती घ्यावी. नव्या शाळेत पहिल्याच दिवशी हीच तीन कागदपत्रे मागितली जातात.