एका रीलमध्ये एकच मुद्दा : ठेवींच्या विम्याचे उदाहरण

घरातील तरुण मंडळी हल्ली आर्थिक विषयांवरील छोट्या रील करतात आणि त्या कुटुंबाच्या व व्यापारी मंडळाच्या गटांतून फिरतात. त्यांतील बऱ्याच रील ऐकताना पटतात, पण संपल्यावर काय ऐकले ते सांगता येत नाही. पाऊण मिनिटात मराठीत सावकाश बोलले तर ऐंशी-नव्वद शब्द बसतात. तेवढ्या जागेत चार मुद्दे कोंबले की एकही उरत नाही.

बँकेतील ठेवींच्या विम्याचे उदाहरण घेऊ. ४ फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा एका ठेवीदारास, एका बँकेत, मुद्दल व व्याज मिळून ५ लाख रुपये आहे. या विषयावरील संहितेचा पहिला मसुदा बहुधा असा निघतो : विमा महामंडळाचे लांबलचक नाव, मग ‘समान क्षमता आणि समान अधिकार’ हे कायद्यातील शब्द, मग संयुक्त खाते, भागीदारी पेढी आणि अखेरीस पतसंस्था. माहिती सगळी खरी. परंतु दुकानात गिऱ्हाईक सांभाळत पाहणाऱ्याच्या हाती काहीच लागत नाही.

यातून एक गोष्ट निवडायची, आणि ती निवडावी पाहणाऱ्याच्या चुकीच्या समजुतीवरून. व्यापारी घरांत आढळणारा समज असा की, रक्कम दोन शाखांत विभागली म्हणजे जोखीमही विभागली. तेव्हा मुद्दा ठरला : दोन शाखा म्हणजे दोन बँका नव्हेत. त्यावर संहिता अशी होते :

“तुमचे चार लाख बँकेच्या बाजारपेठेतल्या शाखेत आहेत. आणखी चार लाख त्याच बँकेच्या स्टेशनजवळच्या शाखेत. उद्या ही बँक बुडाली, तर विम्याचे किती मिळतील? आठ लाख नाही. व्याज धरून पाच लाख. बाकीच्या रकमेसाठी बँकेच्या वसुलीची वाट पाहावी लागेल. कारण शाखा दोन असल्या तरी बँक एकच. आज एक काम करा. स्वतःच्या नावाच्या ठेव-पावत्या आणि पासबुकं काढा. ज्यांच्यावर एकाच बँकेचं नाव आहे, त्यांची बेरीज करा.”

यात ‘समान क्षमता’ नाही, महामंडळाचे नावही नाही. तरीही काही शब्द मुद्दाम राखले आहेत. ‘व्याज धरून’ हे दोन शब्द गाळले, तर ४ लाख ९० हजारांची ठेव ठेवणारा स्वतःला निर्धास्त समजेल. २० हजार व्याज जमताच त्याचे १० हजार विम्याबाहेर जातात. वसुलीचे वाक्य गाळले, तर वरचे पैसे बुडालेच, असा घबराटीचा अर्थ निघतो. ‘स्वतःच्या नावाच्या’ऐवजी ‘घरातल्या’ असे सहज लिहिले जाते, आणि तेथे संहिता सरळ खोटी ठरते. कारण पत्नीच्या एकटीच्या नावावरील ठेवीस तिचा स्वतंत्र विमा असतो. सोपे करणे म्हणजे काय सांगायचे नाही ते ठरवणे. जे सांगितले ते मात्र अचूकच हवे.

आकड्यांबाबतही हात आखडता घ्यावा. येथे चार, आठ आणि पाच एवढेच आकडे आहेत, आणि ते पडद्यावर मोठ्या अक्षरांत दिसावेत. आवाज बंद ठेवून पाहणारे पुष्कळ असतात. नमस्कार आणि स्वतःची ओळख यांत पहिली काही सेकंदे घालवू नयेत. पहिल्याच वाक्यात पाहणाऱ्याचे पैसे आले पाहिजेत.

मुद्दा एकच उरला आहे का, याची परीक्षा घरच्या घरी होते. बँकव्यवहाराशी संबंध नसलेल्या कोणास तरी, दुकानातल्या मुनीमजींस नव्हे, संहिता एकदा वाचून दाखवावी आणि दहा मिनिटांनी काय कळले ते विचारावे. उत्तर एका वाक्यात आले तर ठीक. उत्तरात “आणि शिवाय” आले, तर कुठेतरी दुसरा मुद्दा शिरला आहे. तो शोधून कापावा. “बँकेत पैसे ठेवू नयेत” असे उत्तर आले, तर संहिताच नव्याने लिहावी.

गाळलेले मुद्दे वाया जात नाहीत, ते पुढच्या रीलसाठी राखून ठेवता येतात. एकट्याच्या मालकीच्या दुकानाचे चालू खाते मालकाच्या स्वतःच्या ठेवींतच मिळवले जाते, हा एक. भागीदारी पेढीचे खाते मात्र वेगळे धरले जाते, हा दुसरा. पतसंस्थेतील ठेवीस हा विमा मुळीच लागू नाही, हा तिसरा. आणि व्यापारी वस्तीत पहिल्या रीलनंतर लगेच तोच घ्यावा, कारण अनेकांच्या बोलण्यात पतसंस्थाही ‘बँक’च असते.