निळ्या गोळीत नेमके काय आणि किती

ब्रिटनमध्ये डायझेपामची १० मिलिग्रॅमची गोळी निळी असते. स्कॉटलंडमध्ये ‘स्ट्रीट ब्लूज’ किंवा ‘स्ट्रीट व्हॅलियम’ म्हणून ऑनलाइन आणि हातोहात विकल्या जाणाऱ्या गोळ्याही निळ्याच असतात, पण त्यांत अनेकदा डायझेपामचा मागमूसही नसतो. काही वर्षे त्यांत मुख्यतः एटिझोलाम सापडत असे, पुढे त्याची जागा ब्रोमाझोलामने घेतली. २०२० साली स्कॉटलंडमध्ये अमली पदार्थांमुळे १,३३९ मृत्यू नोंदले गेले. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश मृत्यूंना बेंझोडायझेपिन गटातले एखादे द्रव्य कारणीभूत ठरले होते. बहुतेक वेळा ते एकटे नव्हते. सोबत हेरॉइन, मेथाडोन किंवा दारू होती.

बेंझोडायझेपिन ही चिंता, घबराट, निद्रानाश आणि झटके यांवर दिली जाणारी औषधे. मेंदूत ‘गाबा’ नावाचे एक रसायन चेतापेशींची लगबग शांत करते, आणि ही औषधे त्या रसायनाचा परिणाम वाढवतात. व्हॅलियम, म्हणजे डायझेपाम, १९६३ साली बाजारात आले. त्यानंतर औषध कंपन्यांनी याच सांगाड्यावर शेकडो रेणू बनवून पाहिले. थोडे औषध झाले, बाकीचे शोधनिबंधांत आणि पेटंटांत पडून राहिले. आज ‘डिझायनर बेंझोडायझेपिन’ म्हणून विकली जाणारी बरीचशी द्रव्ये या जुन्या कागदांतूनच उचललेली आहेत. ब्रोमाझोलाम म्हणजे अल्प्राझोलामच्या रेणूतला क्लोरीनचा अणू काढून तिथे ब्रोमीन बसवलेले द्रव्य. क्लोनाझोलाम म्हणजे क्लोनाझेपामला अल्प्राझोलामसारखे आणखी एक कडे जोडलेले. या जादा कड्यामुळे रेणू मेंदूतल्या आपल्या जागी अधिक घट्ट चिकटतो आणि फारच थोड्या मात्रेत काम करतो. रेणू किंचित बदलला की तो कायद्याच्या यादीबाहेर राहतो, निदान यादीत नाव येईपर्यंत. यादीत नाव आले की विक्रेते पुढच्या रेणूकडे वळतात. एटिझोलाम २०२० साली आंतरराष्ट्रीय नियंत्रणाखाली आले, ब्रोमाझोलाम २०२४ साली.

पण सगळा दोष नव्या रेणूवर टाकता येत नाही. एटिझोलाम भारतात, जपानमध्ये आणि इटलीत रीतसर औषध आहे. आपल्याकडे डॉक्टरांच्या चिठ्ठीवर त्याच्या पाव, अर्धा आणि एक मिलिग्रॅमच्या गोळ्या मिळतात. ब्रिटनमध्ये त्याला औषध म्हणून कधीच मान्यता नव्हती. म्हणजे औषध दुकानातली एटिझोलामची गोळी आणि ग्लासगोतली निळी गोळी यांत रेणू एकच असू शकतो. फरक गोळी बनण्याच्या पद्धतीत आहे, आणि तो समजायचा तर आधी मात्रा किती सूक्ष्म असते हे पाहावे लागते.

साधारण १ मिलिग्रॅम एटिझोलाम १० मिलिग्रॅम डायझेपामच्या तोडीचे मानले जाते. क्लोनाझोलामची मात्रा त्याहूनही कमी, अर्ध्या मिलिग्रॅमच्या आतली. समजा, १०० मिलिग्रॅम वजनाच्या गोळीत अर्धा मिलिग्रॅम औषध घालायचे आहे. मग गोळीचा दोनशेवा भाग औषध आणि बाकी सगळी भुकटी: लॅक्टोज, सेल्युलोज, रंग. हा दोनशेवा भाग प्रत्येक गोळीत सारखा पोहोचवणे हे औषधनिर्मितीतले खरे अवघड काम. कारखान्यात त्यासाठी औषध आधी अतिशय बारीक दळतात. मग थोड्या भुकटीत मिसळतात, ते मिश्रण आणखी थोड्या भुकटीत, असे टप्प्याटप्प्याने. मिश्रणाच्या वेगवेगळ्या भागांतून नमुने काढून तपासतात. गोळ्या तयार झाल्यावर दहा गोळ्या घेऊन प्रत्येकीतले औषध वेगवेगळे मोजतात, आणि प्रत्येकीतले प्रमाण सरासरीच्या ८५ ते ११५ टक्क्यांत असावे लागते. चाचणीत नापास झालेला बॅच विक्रीला जात नाही. पाकिटावरच्या ‘०.५ मिग्रॅ’ या आकड्याला अर्थ आहे तो या सगळ्या खटाटोपामुळे.

बेकायदा गोळ्या दाबणाऱ्याकडे यातले काहीच नसते. भुकटी डब्यात हलवून किंवा साध्या मिक्सरमध्ये फिरवून मिश्रण होते. त्यात एखादा स्फटिक दळायचा राहिला तर काय होते, याचा हिशेब करता येतो. असल्या द्रव्याचा १ मिलिमीटर बाजूचा चौकोनी कण जेमतेम साखरेच्या दाण्याएवढा असतो, पण त्याचे वजन १ मिलिग्रॅमच्या वर भरते. अर्ध्या मिलिग्रॅमच्या गोळीत तो एक कण सापडला तर मात्रा तिप्पट होते. त्याच डब्यातल्या दुसऱ्या गोळीत मात्र औषध जवळजवळ नसतेच. शिवाय नीट मिसळलेली भुकटीसुद्धा यंत्राच्या धक्क्यांनी पुन्हा वेगळी होते, कारण बारीक कण खाली झिरपतात आणि जाड वर राहतात. त्यामुळे पहिल्या हजार गोळ्या आणि शेवटच्या हजार गोळ्या यांची ताकद वेगळी असू शकते. रंग, आकार आणि शिक्का मात्र तंतोतंत सारखा.

म्हणूनच ‘काल दोन घेतल्या, काही झाले नाही’ हा अनुभव फसवा ठरतो. वेल्समधल्या ‘वेडिनॉस’ या सार्वजनिक तपासणी सेवेकडे लोक नाव न सांगता नमुने पाठवू शकतात. नमुन्यात कोणती द्रव्ये आहेत हे तिथे कळते, किती आहेत ते नाही. मात्रा मोजली तरी ती त्या एका गोळीची. शेजारच्या गोळीबद्दल त्यातून खात्रीने काहीच म्हणता येत नाही. अलीकडे डायझेपाम म्हणून घेतलेल्या काही नमुन्यांत नायटाझीन ही अतितीव्र अफूसदृश द्रव्येही निघाली आहेत.

मात्रेइतकाच काळही फसवतो. प्रत्येक रेणूचा असर चढण्याचा आणि शरीरातून बाहेर पडण्याचा वेग निराळा. सोव्हिएत संघात विकसित झालेले फेनाझेपाम निम्मे उतरायलाच अडीच दिवसांच्या आसपास लागतात. फ्लुब्रोमाझेपामला त्याहूनही जास्त. पहिल्या गोळीने काही जाणवले नाही म्हणून दुसरी, मग तिसरी घेतली जाते आणि सगळ्यांचा असर एकावर एक साचतो. त्यात या औषधांनी आठवण पुसली जाते, त्यामुळे किती गोळ्या घेतल्या हेही माणसाला सांगता येत नाही.

रुग्णालयात गुंतागुंत आणखी वाढते. मूत्राच्या नेहमीच्या झटपट चाचणीत यांतली काही द्रव्ये सापडत नाहीत, सापडली तरी नेमके कोणते ते कळत नाही. नॅलोक्सोन अफूसदृश द्रव्यांचा परिणाम उलटवते, बेंझोडायझेपिनचा नाही. तरीही सोबत अफूसदृश द्रव्य असण्याचा संभव मोठा असल्याने ते दिले जाते. श्वास पूर्ववत झाला तरी रुग्ण तासन्‌तास गुंगीत राहू शकतो. बेंझोडायझेपिनवर उतारा म्हणून फ्लुमाझेनिल आहे. पण ज्याला या गोळ्यांची सवय जडली आहे त्याला त्याने झटके येऊ शकतात, म्हणून डॉक्टर ते सहसा टाळतात आणि श्वासाला आधार देत थांबतात.

सवय सोडवतानाही आकड्याचाच प्रश्न येतो. अशा गोळ्या एकदम बंद केल्या तर झटके, भ्रम, क्वचित मृत्यूही ओढवतो. चिठ्ठीवरचे औषध घेणाऱ्याची मात्रा ठाऊक असते. तिच्या तोडीचे डायझेपाम देऊन ते काही आठवडे किंवा महिने थोडे थोडे कमी करता येते. रोज सहा निळ्या गोळ्या घेणाऱ्याच्या बाबतीत हा हिशेब मांडताच येत नाही. तिथे डॉक्टर गोळ्यांची संख्या बाजूला ठेवतात. हातांचा कंप, घाम, नाडी आणि गुंगी यांवर लक्ष ठेवून बेताच्या मात्रेने सुरुवात करतात आणि पुढचे दिवस तीच लक्षणे पाहत मात्रा ठरवत जातात.