कानासाठी भाषण उतरवताना

वाचनालयाच्या वार्षिक समारंभासाठी लिहिलेल्या भाषणातले हे एक नमुन्याचे वाक्य पाहा: ‘गेल्या वर्षीच्या अतिवृष्टीत वाचनालयाचे छत गळून भिजलेल्या सुमारे चारशे पुस्तकांपैकी ज्या पुस्तकांची बांधणी पुन्हा करणे शक्य होते त्यांची बांधणी सभासदांच्या सहकार्याने करून घेण्यात आली.’

कागदावर ते चालते, कारण वाचणाऱ्याला मागे जाता येते. ऐकणाऱ्याला ती सोय नसते. त्यात मराठीचे क्रियापद बहुधा शेवटी येते. तोवर छत, चारशे, ज्या, त्यांची हे सगळे श्रोत्याने मनात धरून ठेवायचे.

हेच वाक्य कानासाठी असे उतरवता येईल:

‘गेल्या पावसाळ्यात वाचनालयाचं छत गळलं. // चारशे पुस्तकं भिजली. // काही पुस्तकं पार गेली. / बाकीची पुस्तकं सभासदांनी घरी नेली. / सभासदांनी वाळवली. / सभासदांनीच बांधून आणली. //’

शब्द जवळपास तेवढेच आहेत, वाक्ये मात्र सहा झाली. तोडताना आणखी एक गोष्ट घडली. ‘सहकार्य’ म्हणजे नेमके काय, हे सांगावेच लागले. ‘करून घेण्यात आली’ गेले आणि माणसे पुढे आली. मला हा बदल लांबी कमी होण्यापेक्षा मोलाचा वाटतो.

लेखनात ‘सभासदांनी’ तीनदा आले तर संपादक दोन काढेल. ऐकताना तोच शब्द आधार देतो. म्हणून ‘त्यांनी’, ‘सदर’, ‘उपरोक्त’ यांच्या जागी नावच पुन्हा घ्यावे. पण अशी आवृत्ती भाषणात एकदोन ठिकाणीच ठेवावी. प्रत्येक परिच्छेदात तीच लय आली की श्रोते पुढचे वाक्य आधीच ओळखतात आणि लक्ष सुटते.

वरची एक तिरकी रेघ म्हणजे क्षणभर थांबणे, दोन रेघा म्हणजे पूर्ण श्वास. ‘चारशे पुस्तकं भिजली’ यानंतर दोन रेघा आहेत, कारण तो आकडा पोचायला वेळ हवा. विराम चुकतो तो बहुधा वाक्याच्या शेवटी. वक्त्याचा आवाज तिथे खाली जातो आणि तो घाईने पुढचे वाक्य पकडतो. ‘यंदा आपण वर्गणी वाढवणार नाही’ यातला ‘नाही’ असा गिळला गेला, तर सभेला उलटेच ऐकू येईल. तेव्हा नकारानंतर थांबायलाच हवे. मांडवात कर्णे दूरदूर लावलेले असतील तर विराम आणखी लांबवावा. ध्वनीला चौतीस मीटर जायला साधारण सेकंदाचा दहावा भाग लागतो, त्यामुळे शब्दांवर शब्द चढतात.

मसुदा तपासायचा तो उभे राहून, मोठ्याने वाचून. जिथे श्वास अपुरा पडतो तिथे पेन्सिलीने खूण करून वाक्य तोडावे. मग मजकूर न पाहिलेल्या कोणाला तरी तो ऐकवावा आणि काय कळले ते विचारावे. शेवटची प्रत मोठ्या अक्षरांत, कागदाच्या एकाच बाजूला काढावी. पान संपेल तिथे वाक्यही संपलेले असावे, म्हणजे पान उलटताना होणारा विराम योग्य जागी पडेल.