दुसऱ्या वाढपाआधीची दहा मिनिटं

आहारतज्ज्ञाने लिहून दिलेल्या तक्त्यात बहुतेक सगळं असतं. फुलके किती, भाजी किती वाट्या, दिवसभरात तेल किती चमचे. ते जेवण किती वेळात जेवायचं, हे मात्र सहसा लिहिलेलं नसतं, आणि कॅलरी मोजून जेवणाऱ्या अनेकांची गाडी नेमकी तिथेच अडते. ताट मोजून वाढलेलं असतं, पण ते सात-आठ मिनिटांत रिकामं होतं. मग रिकाम्या ताटाकडे बघून वाटतं, पोट काही भरलं नाही. हात आपोआप भाताच्या पातेल्याकडे जातो.

पोट भरल्याची जाणीव एका क्षणात होत नाही, ती टप्प्याटप्प्याने तयार होते. अन्न पोटात गेल्यावर जठर ताणलं जातं आणि ती खबर नसांमार्फत मेंदूकडे जाते. पुढे अन्न थोडं थोडं लहान आतड्यात उतरू लागलं, की आतड्याच्या भिंतीतून काही संप्रेरकं रक्तात सुटतात आणि ‘आता पुरे’ हा निरोप पक्का करतात. त्यासाठी अन्न तिथवर पोहोचावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. वीस मिनिटांचा जो हिशेब आपण ऐकतो तो ढोबळ आहे. कुणाला कमी लागतील, कुणाला जास्त. पण आठ मिनिटांत जेवण आटोपणारा माणूस ही खबर येण्याआधीच दुसऱ्यांदा वाढून घेण्याचा निर्णय घेऊन मोकळा होतो, हे नक्की.

ग्रीसमधल्या संशोधकांनी 2010 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग हे फार सुरेख दाखवतो. निरोगी पुरुषांना 300 मिलिलिटर आइस्क्रीम दिलं, म्हणजे 675 कॅलरी. एकदा ते पाच मिनिटांत संपवायचं, आणि दुसऱ्यांदा तेवढंच आइस्क्रीम अर्ध्या तासात थोडं थोडं खायचं. आइस्क्रीम तेच, कॅलरी त्याच. तरी सावकाश खाल्लं तेव्हा तृप्तीची दोन संप्रेरकं, पीवायवाय आणि जीएलपी-1, रक्तात जास्त आढळली. वजन कमी करण्याच्या ज्या इंजेक्शनांची सध्या इतकी चर्चा आहे, ती याच जीएलपी-1 ची नक्कल करतात. अर्थात इंजेक्शनाचा परिणाम कितीतरी मोठा आणि दिवसभर टिकणारा असतो. सावकाश जेवणं हा त्याला पर्याय नव्हे. भूक चाळवणाऱ्या ग्रेलिन या संप्रेरकात मात्र त्या प्रयोगात फरक दिसला नाही.

मग प्रत्यक्षात खाणं किती कमी होतं? अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड विद्यापीठात 30 तरुणींना टोमॅटोच्या सॉसमधला पास्ता हवा तेवढा खायला दिला होता. एकदा मोठा चमचा देऊन भराभर खायला सांगितलं. दुसऱ्यांदा लहान चमचा, लहान घास, प्रत्येक घास 20 ते 30 वेळा चावायचा आणि दोन घासांच्या मध्ये चमचा खाली ठेवायचा. भराभर खाताना जेवण सुमारे नऊ मिनिटांत उरकलं आणि सरासरी 646 कॅलरी पोटात गेल्या. सावकाश खाताना 29 मिनिटं लागली आणि 579 कॅलरी गेल्या; शिवाय समाधान जास्त वाटलं. सावकाश खाताना त्या पाणीही जास्त प्यायल्या होत्या, तेव्हा त्या समाधानात पाण्याचाही वाटा असणार.

फरक 67 कॅलरींचा, म्हणजे एका फुलक्याहूनही कमी. हा आकडा पाहून कुणी म्हणेल, एवढ्यासाठी अर्धा तास बसायचं? पण त्या प्रयोगात हवं तेवढं खायची मुभा होती. कॅलरी मोजून जेवणाऱ्याचं ताट आधीच ठरलेलं असतं. त्याचा खरा फायदा वेगळा आहे: ठरवलेल्या तेवढ्याच ताटात जास्त तृप्ती मिळणं, आणि ठरलेलं नसलेलं दुसरं वाढप टळणं.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, ठाण्यातल्या एका शिक्षिकेला दिवसाला 1400 कॅलरींचा आहार लिहून दिला आहे. रात्रीच्या ताटात बिनतेलाचे दोन फुलके, एक वाटी मटकीची उसळ, दही घातलेली काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि अर्धी वाटी भात. तीस ग्रॅम कणकेच्या फुलक्याच्या साधारण 100 कॅलरी धरल्या, तर सगळं ताट 465 च्या आसपास जातं. त्यानंतर ‘थोडंसंच’ म्हणून घेतलेला एक फुलका, अर्धी वाटी भात आणि त्यावर चमचाभर तूप म्हणजे आणखी सुमारे 210. आहारात रोज 400 कॅलरींची तूट ठेवली असेल, तर त्यातली निम्म्याहून अधिक तूट या एका वाढपात भरून निघते. आठवड्यात चार-पाच रात्री असं झालं, की महिनाअखेरीस काटा जागचा का हलत नाही, याचं उत्तर मिळतं.

आता तेच ताट सावकाश कसं जेवायचं? ‘दोन घासांच्या मध्ये चमचा खाली ठेवा’ हा पाश्चात्त्य पुस्तकांतला सल्ला आपल्याकडे फारसा उपयोगी पडत नाही, कारण आपण हाताने जेवतो. इथे पाहायचं ते बोटांकडे. घाईने जेवणाऱ्याच्या तोंडात एक घास असतानाच बोटं फुलक्याचा पुढचा तुकडा मोडून उसळीत बुडवून तयार ठेवतात. तो तयार घास हातात आला, की तोंडातला अर्धवट चावलेला घास गिळला जातो, वर पाण्याचा घोट. हीच घाईची खूण. म्हणून नियम एकच: तोंडातलं गिळून झाल्याशिवाय पुढचा तुकडा मोडायचा नाही. हात ताटाच्या कडेला टेकवून ठेवायचा. पहिले दोन-तीन दिवस अवघडल्यासारखं होतं, नंतर सवय लागते.

ताटाचा क्रमही मदतीला येतो. त्या शिक्षिकेने आधी कोशिंबीर, मग पहिला फुलका आणि अर्धी उसळ खावी. इथे दोन मिनिटं थांबावं, घरच्यांशी बोलावं. मग दुसरा फुलका आणि उरलेली उसळ. भात अजून ताटात नाही. तो शेवटी वाढून घ्यायचा. असं जेवलं तर पंधरा ते वीस मिनिटं सहज लागतात. ताट संपल्यावर घड्याळ बघून दहा मिनिटं थांबायचं आणि त्यानंतरच आणखी हवं का, ते ठरवायचं. जुन्या पंगतीत ही उसंत आपोआप मिळत असे. वाढपी दुसऱ्या टोकाहून फिरून येईपर्यंत बसून राहावं लागे. आज पातेलं हाताशी असतं, म्हणून ती मुद्दाम ठेवावी लागते. पातेली ओट्यावरच राहू दिली आणि टेबलावर फक्त वाढलेली ताटं आणली, तर थांबणं पुष्कळ सोपं जातं.

दहा मिनिटांनंतर स्वतःला विचारायचा प्रश्नही नेमका हवा. साधी काकडी किंवा कोरडा फुलका चालेल का? चालेल, तर ती भूक आहे. ती मारू नये. वाटीभर कोशिंबीर, पातळ ताक, गरज वाटली तर अर्धा फुलका घ्यावा. फक्त तूप-भातच हवा असेल, तर ती चवीची ओढ आहे. आणि इतकं थांबूनही रोज रात्री खरी भूक उरत असेल, तर दोष तिचा नाही. तक्ताच फार कडक झाला आहे, आणि तो आहारतज्ज्ञाकडून बदलून घ्यावा.

चावण्याबद्दल घरोघरी बत्तीसचा आकडा ऐकवला जातो. त्या आकड्याला शास्त्राचा आधार नाही. चीनमधल्या एका प्रयोगात घास 15 ऐवजी 40 वेळा चावायला लावला तेव्हा तरुणांचं खाणं सुमारे 12 टक्क्यांनी घटलं, हे खरं. पण चाळीसपर्यंत मोजत रोज कोण जेवणार? आणि मऊ वरण-भात चाळीस वेळा चावायचा तरी कसा? तो तिसऱ्या-चौथ्या चावण्यालाच घशाखाली उतरतो. त्यापेक्षा चावल्याशिवाय गिळताच येणार नाही असं ताटात असावं. ज्वारीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची न गाळलेली उसळ, किसण्याऐवजी जाडसर चिरलेली काकडी, रसाऐवजी आख्खं संत्रं. इथे मोजावं लागत नाही, दात आपलं काम करतात. सावकाश खाण्याचा आग्रह माणसाला करण्याआधी तो अन्नाच्या निवडीत करावा, हे जास्त टिकतं.

हे सगळं बिघडतं ते बहुतेक वेळा जेवणाआधीच. दुपारी एकला डबा खाल्ला आणि रात्री नऊला घर गाठलं, तर पोटात आग पडलेली असते. अशा वेळी कुणालाच सावकाश जेवता येत नाही. संध्याकाळी पाचच्या सुमाराला मूठभर फुटाणे किंवा एखादं फळ आहारातच धरलेलं असावं. दुसरा घोळ टीव्ही आणि मोबाइलचा: त्यांच्यासमोर जेवण लांबतं खरं, पण लक्ष नसल्याने जास्त खाल्लं जातं. तिसरा, ‘एवढंसंच जेवलीस?’ हा प्रेमाचा आग्रह. त्यावर ‘दहा मिनिटांनी घेते’ हे उत्तर कुणालाच दुखवत नाही.

या सवयीची मर्यादाही ध्यानात हवी. वेगवेगळे प्रयोग एकत्र तपासले तेव्हा सावकाश खाल्ल्याने त्या जेवणात कमी खाल्लं जातं हे ठळक दिसलं, पण जेवणानंतर लागणाऱ्या भुकेत स्पष्ट फरक आढळला नाही. अमेरिकेतल्या एका प्रयोगात सडपातळ लोकांचं खाणं नक्की घटलं, वजन जास्त असलेल्यांमध्ये ही घट इतकी कमी होती की तिच्यावर ठाम निष्कर्ष काढता आला नाही. तेव्हा ताटातलं माप सैल सोडून नुसतं सावकाश खाल्ल्याने वजन उतरेल, अशी आशा धरू नये.

घास मोजण्याचा ध्यास लागला, जेवणाची धास्ती वाटू लागली, तर हा प्रयोग थांबवावा. दात पडले असतील किंवा कवळी टोचत असेल, तर आधी दंतवैद्याकडे जावं. गिळताना घास अडकत असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. आणि जेवणाआधी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणारी गोळी घेणाऱ्यांनी जेवण लांबवण्याआधी किंवा भात शेवटावर ढकलण्याआधी डॉक्टरांशी बोलून घ्यावं, कारण औषधाचा परिणाम सुरू झाला आणि पोटात पुरेसं अन्न पोहोचलेलं नसेल, तर साखर धोकादायकरीत्या खाली जाऊ शकते.