गोळी तीच, भाव निराळा : जैवसमतुल्यतेचा खरा अर्थ

पळसदेवसारख्या हमरस्त्यावरच्या गावातून औषधाचे दुकान गाठायला फारसा वेळ लागत नाही. तरीही ताठरतेच्या गोळीसाठी माणूस ओळखीचे दुकान टाळतो आणि भिगवण, इंदापूर किंवा थेट बारामती गाठतो. तिथे दुकानदार देईल ती पट्टी आणि सांगेल तो भाव मुकाट्याने घेऊन, पावती न मागता बाहेर पडतो. त्या घाईत मनात एकच प्रश्न असतो : ‘कंपनीची’ महाग गोळी घ्यावी की स्वस्त जेनेरिक? माझ्या वाचनाचा निष्कर्ष असा की, आपल्या देशात हा प्रश्नच चुकीच्या जागी उभा आहे.

या गोळीतले औषध म्हणजे सिल्डेनाफिल. इंग्लंडमधील सँडविच येथे फायझर कंपनीने ते हृदयविकाराच्या छातीदुखीसाठी तपासायला घेतले होते. पुढे त्याचा उपयोग वेगळाच निघाला आणि मार्च १९९८ मध्ये अमेरिकेत ‘व्हायग्रा’ या नावाने त्याला मान्यता मिळाली. भारतात तेव्हा १९७० चा पेटंट कायदा लागू होता. त्यात औषधाच्या रेणूला पेटंट मिळत नसे, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीला मिळे. त्यामुळे रॅनबॅक्सीची ‘काव्हर्टा’, झायडस कॅडिलाची ‘पेनेग्रा’ अशा देशी गोळ्या आधी बाजारात आल्या. मूळ व्हायग्रा फायझरने इथे आणली ती २००५ च्या अखेरीस, ५० मिलिग्रॅमच्या एका गोळीला साडेचारशे रुपयांहून अधिक भावाने. देशी गोळ्या त्या मानाने कितीतरी स्वस्त होत्या.

याचा अर्थ नीट लक्षात घ्यावा. आपण ज्याला ‘ब्रँडेड’ म्हणतो ती गोळीही बहुधा नक्कलच असते, फक्त नाव दिलेली. नाव न दिलेली दुसरी नक्कल म्हणजे आपल्या बोलण्यातले ‘जेनेरिक’. दोन्हींत औषध एकच. पट्टीवर ‘सिल्डेनाफिल सायट्रेट’ असे लिहिलेले असते. हा त्या औषधाचा क्षार. सुमारे ७० मिलिग्रॅम क्षारातून ५० मिलिग्रॅम सिल्डेनाफिल मिळते, आणि पट्टीवरचा ५० चा आकडा या दुसऱ्या वजनाचा असतो.

मग भावातला फरक येतो कुठून? याचे स्वच्छ उदाहरण डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकेत दिसले. तिथे जेनेरिक स्पर्धा सुरू होताच फायझरने आपल्याच ग्रीनस्टोन या उपकंपनीतर्फे तीच गोळी निळ्याऐवजी पांढऱ्या रंगात, निम्म्या किमतीला आणली. बनवणारा तोच, औषध तेच. उतरली ती नावाची किंमत. आपल्याकडे आणखी एक गाठ आहे. दिल्लीच्या संशोधकांनी २०११ मध्ये पाच औषधांची तुलना प्रसिद्ध केली. त्यात सिल्डेनाफिल नव्हते. पण एकाच कंपनीची ब्रँडेड आणि जेनेरिक गोळी शेजारी शेजारी ठेवून तपासली होती. दर्जात दोन्ही उतरल्या. दुकानदाराचा नफा मात्र ब्रँडेडवर २५ ते ३० टक्के, तर जेनेरिकवर २०१ ते १,०१६ टक्के निघाला. म्हणजे दुकानदाराला स्वस्त पडलेली गोळी गिऱ्हाइकाला स्वस्त मिळतेच असे नाही. छापील किमतीवरून गोळीचा दर्जाही कळत नाही आणि खरा खर्चही कळत नाही.

दर्जा ठरवायचा तर जैवसमतुल्यता समजून घ्यावी लागते. दोन गोळ्यांत औषधाचे वजन सारखे असले तरी एक पोटात लवकर विरघळेल, दुसरी उशिरा. म्हणून तुलना रक्तात करतात. दोन-तीन डझन निरोगी माणसांना उपाशीपोटी एकदा मूळ गोळी देतात आणि काही दिवसांनी दुसरी. काहींना उलट क्रमाने. प्रत्येक वेळी ठरावीक अंतराने रक्त काढून दोन गोष्टी मोजतात : रक्तातली पातळी जास्तीत जास्त किती चढली आणि एकूण किती औषध रक्तात पोचले.

इथेच तो बदनाम आकडा येतो : ८० ते १२५ टक्के. ‘जेनेरिकमध्ये औषध ८० टक्केही चालते’ असे पुष्कळ जण, कधी डॉक्टरही, सांगतात. ते खरे नाही. गोळीतल्या औषधाच्या वजनाची मर्यादा वेगळी आणि कडक असते, साधारण ९० ते ११० टक्के, आणि ती ब्रँडेडलाही लागू असते. ८० ते १२५ ही चौकट रक्तातल्या मोजमापाच्या अनिश्चिततेसाठी आहे. समजा, एका चाचणीत नव्या गोळीची सरासरी मूळ गोळीच्या ९७ टक्के आली आणि माणसामाणसांतला फरक धरून खरा आकडा ९१ ते १०३ च्या दरम्यान असावा असे गणित निघाले. हा सगळा पट्टा चौकटीत बसतो, म्हणून गोळी उत्तीर्ण. दुसरीची सरासरी ८८ आली आणि पट्टा ७९ ते ९८ निघाला, तर ८८ हा आकडा ८० च्या वर असूनही ती नापास, कारण पट्ट्याचे एक टोक चौकटीबाहेर गेले. अमेरिकी औषध प्रशासनाने अशा दोन हजारांवर चाचण्या एकत्र पाहिल्या, तेव्हा मूळ आणि जेनेरिक यांच्यातला सरासरी फरक चार टक्क्यांच्या आसपास निघाला.

आता आपल्याकडची खरी अडचण. औषध नवे असण्याची चार वर्षे उलटली की राज्याच्या औषध प्रशासनाकडून परवाना घेता येई, आणि त्यासाठी जैवसमतुल्यतेचा पुरावा दरवेळी मागितला जात नसे. एप्रिल २०१७ च्या नियमदुरुस्तीने कमी विरघळणाऱ्या औषधांच्या दोन वर्गांसाठी नव्या परवान्याला तो सक्तीचा केला. पण आधीचे परवाने होतेच. म्हणून ‘जेनेरिक’ शब्दाने पुरावा नाही असे सिद्ध होत नाही आणि मोठ्या नावाने पुरावा आहे असेही नाही. विचारायचे ते हे : ही गोळी बनवली कुणी, आणि तिची अशी चाचणी झाली आहे का?

‘स्वस्त गोळी लागू पडली नाही’ या तक्रारीची कारणे मात्र बहुधा दुसरीकडे सापडतात. उपाशीपोटी ही गोळी साधारण तासाभरात रक्तात शिखर गाठते. तर्रीदार मटणाचे जेवण झाल्यावर घेतली, तर शिखर तासभर पुढे जाते आणि सुमारे २९ टक्क्यांनी खाली येते. चार टक्क्यांच्या फरकाची शंका घेणारा माणूस ताटातल्या या फरकाकडे पाहतही नाही. दुसरे कारण विश्वासाचे. मूळ चाचण्यांत १०० मिलिग्रॅम घेणाऱ्या ८२ टक्के पुरुषांनी सुधारणा सांगितली. पण औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांपैकीही २४ टक्क्यांनी सांगितली. महाग पट्टीवरचा भरवसा हासुद्धा थोडे काम करून जातो, आणि स्वस्त पट्टीवरचा संशय ते काम बिघडवू शकतो.

हे सगळे पैशापुरते असते तर एवढे लिहिले नसते. छातीत दुखल्यावर जिभेखाली ठेवायची सॉर्बिट्रेट किंवा त्या जातीचे दुसरे औषध घेणाऱ्याचा रक्तदाब या गोळीने जिवावर बेतेल इतका कोसळू शकतो. गोळी ब्रँडेड असो वा जेनेरिक, यात फरक नाही. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांबरोबरही जपावे लागते. ‘शंभर टक्के आयुर्वेदिक’ म्हणून विकल्या जाणाऱ्या शक्तिवर्धक पुड्यांत हेच सिल्डेनाफिल न सांगता मिसळलेले अनेकदा सापडले आहे. तिथे तर मात्राही कळत नाही. ताठरता कमी होणे ही मधुमेहाची किंवा हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराची आधीची खूणही असते. ती डॉक्टरने पाहायला हवी.

म्हणून चिठ्ठी घ्यावी, आपली सगळी औषधे सांगावीत, पट्टीवर औषधाचे नाव, उत्पादक, परवाना क्रमांक आणि मुदत वाचावी, आणि पावती मागावी. एवढे जुळले तर स्वस्त गोळी घ्यायला हरकत नाही. दुकान भिगवणचे असो की गावातले.