‘कितपत’ला किती गुण?

सराव परीक्षेत बारावीच्या मुलांना आम्ही १० गुणांचा प्रश्न घातला होता : ‘१८७५ च्या दख्खनच्या दंग्यांना सावकारांची पिळवणूक कितपत कारणीभूत होती?’ गठ्ठ्यातल्या दोन उत्तरपत्रिकांनी मला अडवलं.

पहिलीत आठ मुद्दे ओळीने मांडलेले. चढं व्याज, खतांतली लबाडी, जमिनींचे लिलाव, कोर्टकचेऱ्या, वाढलेला शेतसारा, कापसाचे पडलेले भाव, १२ मे १८७५ ला सुप्याच्या बाजारात पेटलेला दंगा, जाळलेल्या वह्या. दुसरीत मुद्दे तीनच, पण एकात एक गुंतलेले. अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध चाललं, तेव्हा इथल्या कापसाला भाव आला आणि सावकारांनी हात सैल सोडून कर्जं दिली. युद्ध संपलं, भाव कोसळला, सावकाराने हात आखडला. नेमकी त्याच सुमारास फेरआकारणी होऊन सारा वाढला. म्हणजे शेतकऱ्याची कोंडी दोन्हीकडून झाली, पण त्याला गावात रोज दिसत होता तो सावकार.

आमच्याकडे नमुना उत्तर होतं आणि मुद्द्याला एक गुण असा हिशेब. त्या हिशेबाने पहिल्या मुलाला ८ आणि दुसऱ्या मुलीला ३ मिळत होते. माझ्याबरोबर पेपर तपासणाऱ्या मॅडम म्हणाल्या, “सर, प्रश्नाचं उत्तर हिनेच दिलंय, आणि नापास हीच होतेय.” त्या दिवशी आम्ही तपासणी थांबवली आणि गुणदानाचा तक्ता नव्याने लिहायला घेतला.

मनाला येईल तसे, पूर्ण उत्तर वाचून एकदम गुण द्यावेत, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यात काय होतं ते १९३५ सालीच दिसलं होतं. भारतातल्या शिक्षणाचा अहवाल देणाऱ्या समितीमुळे ज्यांचं नाव आपल्याकडे माहीत आहे, त्या फिलिप हार्टॉग यांनी एका सहकाऱ्यासह इंग्लंडमध्ये परीक्षांचीच परीक्षा घेतली. इतिहासाच्या १५ उत्तरपत्रिका १४ परीक्षकांनी तपासल्या, आणि वर्षाहून अधिक काळाने त्याच परीक्षकांनी त्याच पुन्हा तपासल्या. २१० निकालांपैकी ९२ दुसऱ्या वेळी बदलले. इथे वाद दोन परीक्षकांत नव्हता, एकाच माणसाचं मत बदललं होतं.

तक्ता लिहायची सुरुवात प्रश्नातल्या एका शब्दापासून झाली. ‘कितपत’ म्हटलं की सावकार हे एक कारण मान्य करून, त्याचं वजन इतर कारणांच्या शेजारी ठेवून सांगणं आलं. मग आम्ही बारा उत्तरं गुण न देता वाचली आणि टेबलावर चार ढीग केले. प्रत्येक ढिगाला एकच प्रश्न विचारला : ही उत्तरं शेजारच्या ढिगापेक्षा वेगळी कशात आहेत? मुद्द्यांची संख्या जास्त, असं जिथे उत्तर आलं तिथे ते ढीग एकत्र केले आणि पुन्हा फोडले. दोन स्तरांत फरक हवा तो विचाराच्या जातीचा. सुटे मुद्दे आणि जोडलेले मुद्दे हा असा फरक आहे. बिग्ज आणि कॉलिस या अभ्यासकांनी १९८२ मध्ये मांडलेल्या ‘सोलो’ वर्गीकरणाचा गाभाही हाच आहे.

त्यातून चार स्तर ठरले. पहिल्या स्तरावर, १ ते २ गुणांत, मूल दंग्याची हकिगत सांगतं. कारणाशी तिचा सांधा लावत नाही. दुसऱ्यावर, ३ ते ५ गुणांत, कारणं सांगितलेली असतात, पण एका कारणामुळे पुढचं कसं घडलं ते येत नाही. तिसऱ्यावर, ६ ते ८ गुणांत, सावकारी आणि निदान दुसरं एक कारण पुराव्यासह उलगडलेलं असतं, पण ‘कितपत’चं उत्तर नुसतं बोलून मोकळं झालेलं असतं. चौथ्या स्तरावर, ९ ते १० गुणांत, कारणांचे एकमेकांशी संबंध दाखवून वजन ठरवलेलं असतं आणि त्या निवाड्याला पुरावा असतो. आधी स्तर ठरवायचा, मग त्या स्तराच्या आतला गुण, हा क्रम आम्ही मोडू दिला नाही.

पहिल्या खर्ड्यात आम्ही ‘उत्तम विश्लेषण’, ‘चांगलं विश्लेषण’, ‘साधारण विश्लेषण’ असं लिहिलं होतं. ते खोडावं लागलं. उत्तम आणि चांगलं यांतली सीमा प्रत्येकाच्या डोक्यात वेगळी असते, त्यामुळे अशा तक्त्याने तपासणाऱ्याला काहीच सांगितलेलं नसतं. कागदावर बोट ठेवून दाखवता येईल अशीच खूण स्तरात लिहायची. ‘सारावाढीमुळे कर्ज का वाढलं ते एका वाक्यात तरी सांगितलं आहे’ ही खूण दाखवता येते.

चुकीच्या सनावळीचा प्रश्न त्या मुलीच्याच पेपरात आला. तिने युद्ध १८६८ ला संपलं असं लिहिलं होतं. सन चुकला, पण साखळी तुटली नाही : युद्ध, तेजी, मंदी, कर्ज. दुसऱ्या एका उत्तरात दंग्यांचा राग म्हणून सरकारने सारा वाढवला असं होतं. तिथे मात्र कारणच परिणामानंतर आलं. आम्ही तक्त्यात लिहिलं : साखळी न तोडणारी चूक स्तराच्या आतला एक गुण कमी करते, साखळी तोडणारी चूक स्तर खाली आणते.

मग दोघांनी तेच दहा पेपर स्वतंत्र तपासले. गुण वेगळ्या कागदावर लिहिले, उत्तरपत्रिकेवर लाल शाई लावली नाही, कारण आधीच्या माणसाचा आकडा दिसला की दुसऱ्याचा हात आपोआप त्याच्याजवळ जातो. आठ पेपरांत एकाच गुणाचा फरक पडला किंवा पडलाच नाही. नवव्यात आणखी एका मुलीला मॅडमनी ६ दिले होते, मी ९. भांडण तक्त्यातल्या ‘शेवटी निष्कर्ष काढला आहे’ या शब्दांवर आलं. तिने निवाडा पहिल्याच परिच्छेदात दिला होता आणि उरलेलं उत्तर तो सिद्ध करण्यात घालवलं होतं. मॅडम तक्त्याप्रमाणे बरोबर होत्या, चूक तक्त्याची होती. ‘शेवटी’ काढून ‘उत्तरात कुठेही’ केलं.

दहाव्याने सर्वांत जास्त वेळ खाल्ला. त्याचा शेवट सुबक होता : सावकार हे एकमेव कारण नव्हते, अनेक घटकांचा संयुक्त परिणाम म्हणजे हे दंगे. मी ९ देऊन बसलो होतो, मॅडमनी ७ वर ठेवलं होतं. त्यांनी ‘दंगे’ शब्दावर बोट ठेवून तिथे ‘१८५७ चा उठाव’ वाचून दाखवलं. वाक्य जसंच्या तसं बसलं. क्लासमध्ये पाठ केलेला निष्कर्ष कोणत्याही प्रश्नाखाली चिकटतो. चौथ्या स्तराची खूण त्यामुळे आणखी आवळली : निवाडा याच घटनेच्या पुराव्याला बांधलेला हवा. दंगेखोरांनी मागितली ती खतं आणि वह्या, म्हणजे त्यांना कर्जाचा लेखी पुरावाच नष्ट करायचा होता, असं लिहिणारं मूल इथे बसतं. चौकशी आयोगाने दोष सावकारांवर टाकला, पण सारा वाढवणारं सरकारच तो आयोग नेमणारं होतं, हे ओळखणारं मूलही बसतं.

हा तक्ता पुढच्या प्रश्नाला चालत नाही. १८७९ च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने काय बदललं, असं विचारलं की ‘वजन ठरवणं’ जाऊन ‘आधी आणि नंतर यांची तुलना’ येते, आणि चारही स्तर पुन्हा लिहावे लागतात. आम्ही ते लिहिले तेव्हा पुन्हा बारा उत्तरं टेबलावर पसरली.

पहिल्या गठ्ठ्याची फेरतपासणी झाली. आठ मुद्दे लिहिणाऱ्या मुलाला ५ मिळाले, साखळी लावणाऱ्या मुलीला ८. पहिला मुलगा पेपर घेऊन आला, तेव्हा मी तक्ता त्याच्यापुढे ठेवला. तो दुसऱ्या आणि तिसऱ्या स्तराची ओळ दोनदा वाचून म्हणाला, “म्हणजे सारा वाढला एवढंच लिहिलं मी. त्यामुळे काय झालं ते लिहिलंच नाही.”